कापलेला स्पंज आणि पावसाळ्यातलं पार्लर: फोंड्यातल्या नोंदी

९ जून

१ तारखेला माशेलच्या ज्या मुलीचा मेकअप केला होता, ती आज मावशीला घेऊन पार्लरमध्ये आली. उजव्या जबड्याच्या कडेने आणि कपाळावर केसांच्या रेषेपाशी बारीक लालसर पुटकुळ्या आहेत, काहींच्या टोकाला पू आहे. मावशी म्हणाली, "बाय गं, लग्नाला आठ दिवस झाले नाहीत आणि तोंड बघ कसं झालंय तिचं." मला उत्तर सुचलं नाही. मुलगी शांत होती, त्याने अधिकच वाईट वाटलं.

आधी दोन गोष्टी विचारल्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलंस का? हो, कालच दाखवलं. केसांच्या मुळांना सूज आहे, औषध लावायला दिलंय आणि काही दिवस मेकअप बंद ठेवायला सांगितलाय. दुसरी गोष्ट, लग्नाच्या रात्री मेकअप कसा उतरवलास? ती म्हणाली, रात्री दोन वाजता ओल्या वाइप्सनी पुसला आणि झोपले.

म्हणजे कारणं दोन असू शकतात, माझा स्पंज किंवा तिचे वाइप्स. नेमकं कुठलं हे चेहऱ्याकडे पाहून ठरत नाही. पण ज्या जागी पुटकुळ्या आहेत तिथे मी फाउंडेशन स्पंजनेच थापलं होतं, आणि वाइप्सने नीट न निघणाऱ्या जागाही त्याच. गालांवर मी ब्रश वापरला होता आणि गाल स्वच्छ आहेत. आजपासून दोन्ही बाजू तपासायच्या आणि रोज लिहून ठेवायचं.

१० जून

सकाळी पार्लर उघडायच्या आधी किटमधले चारही स्पंज ब्लेडने मधोमध कापले. बाहेरून तीन चांगले दिसत होते, गुलाबी रंग जरासा फिका झालेला एवढंच. आत मात्र प्रत्येकाच्या कातड्याखाली बोटाच्या पेराएवढ्या खोलीपर्यंत बदामी रंगाचा थर बसलाय. ते जुनं फाउंडेशन. एकात त्याच्याही आत, अगदी मध्यावर, मोहरीएवढे काळे ठिपके आहेत. नाकाशी नेला तर बंद कपाटात राहिलेल्या ओल्या चादरीचा वास.

बुरशी धुऊन जात नाही. तिचे तंतू फोमच्या छिद्रांतून आतवर गेलेले असतात, पृष्ठभागावर साबण फिरवला तरी ते तिथेच राहतात. चारही स्पंज टाकले.

हे मी दर आठवड्याला धूत होते, हे इथे लिहून ठेवणं गरजेचं आहे. धुणं कमी पडलं नव्हतं, वाळणं कमी पडलं होतं. धुऊन झाले की मी ते झाकणाच्या डब्यात ठेवायची, धूळ बसू नये म्हणून.

इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये लोकांची वापरातली प्रसाधनं तपासली होती. त्यांतले ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते, आणि दोनतृतीयांश स्पंज वापरताना कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. मी धूत होते म्हणून आपण त्यांत नाही असं मला वाटायचं.

१४ जून

नवे सहा स्पंज आले. धुण्याची पद्धत आज सहायक मुलीला बसवून दाखवली.

फाउंडेशनमध्ये तेल, मेण आणि बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. कोरड्या स्पंजवर थेट साबण घासला तर वरचं निघतं आणि आतलं तसंच राहतं. म्हणून आधी कोमट पाण्यात स्पंज पूर्ण फुगेपर्यंत दाबून सोडायचा. मग मेकअप काढायच्या तेलाचे चार-पाच थेंब डागांवर लावून बोटांच्या पोटाने मळायचा. डाग सुटून पाण्याला रंग आला की साध्या साबणाच्या वडीवर फिरवायचा आणि मुठीत दाबत राहायचं. नखं लावायची नाहीत, पिळायचा तर अजिबात नाही. पिळल्यावर फोमला चिरा जातात आणि पुढचं फाउंडेशन नेमकं त्या चिरांत जाऊन बसतं.

नळाखाली किती वेळा दाबायचा याला आकडा नाही. पांढऱ्या वाटीत दाबून पाहायचं, पाणी गढूळ असेल तर पुन्हा. आज पहिल्या स्पंजला नऊ वेळा लागले. सहायक म्हणाली, "ताई, साबण संपला तरी पाणी दुधाळच येतंय." ते आतलं राहिलेलं साबणाचं पाणी. तेही काढायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच साबण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर लागतो.

उकळत्या पाण्यात टाकला तर सगळं मरेल, असं शेजारच्या काकी म्हणाल्या. मरेल खरं, पण फोम कडक होऊन त्याची उसळी जाते आणि मग तो फाउंडेशन थापत नाही, ओढतो.

१८ जून

वाळण्याचं मोजमाप. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा भावाकडून आणला, आणि बाजारातून आर्द्रता दाखवणारं लहान यंत्र. चार दिवस पावसाची झड लागली आहे. पार्लरमध्ये २७ अंश तापमान आणि ८८ टक्के आर्द्रता दिसते आहे.

कोरडा स्पंज ६.२ ग्रॅम. धुऊन हाताने दाबल्यावर १९ ग्रॅम. कोरड्या टॉवेलात गुंडाळून तळहाताने दाबला की ११.४. म्हणजे फक्त टॉवेलने अर्ध्याहून जास्त पाणी निघून जातं आणि मी इतकी वर्षं ही पायरी गाळत होते.

रात्री ९ वाजता असे टॉवेलने दाबलेले तीन स्पंज तीन जागी ठेवले आणि सकाळी ९ ला वजन केलं. बंद खणातला १०.६ ग्रॅम, म्हणजे बारा तासांत एक ग्रॅमही सुकला नाही. उघड्या टेबलावर तारेच्या स्टँडवर ठेवलेला ८.९. टेबलफॅनसमोरचा ६.३.

मधला स्पंज बोटांना पूर्ण कोरडा लागत होता. वजन केलं नसतं तर मी तो किटमध्ये भरला असता. वर कोरडा आणि पोटात पावणेतीन ग्रॅम पाणी, बुरशीला हवं असतं ते एवढंच.

२४ जून

आज सांजांव, विहिरीत उड्या मारायचा सण. दुपारनंतर कोणी येणार नाही म्हणून ब्रश घेऊन बसले. बाहेर पोरं घुमटं वाजवत विहिरीकडे चालली आहेत.

पावडरचा मोठा ब्रश, बकरीच्या केसांचा, गेल्या महिन्यापासून केस गाळतो आहे. केस धरून हलकं ओढलं तर सगळा झुबकाच धातूच्या नळीतून अर्धा इंच बाहेर आला. आत पाहिलं तर गोंद पिवळा आणि मऊ झालेला, दांड्याचं लाकूड फुगून त्याच्या रंगाला चीर गेलेली. कारण माझ्या ग्लासात होतं. ब्रश धुऊन मी ते केस वर, दांडा खाली असे ग्लासात उभे करायची. त्यामुळे पाणी केसांतून उतरून सरळ नळीत जातं, तिथे गोंद असतो, आणि नळीत वारा लागत नाही.

आता ब्रश धुताना टोक कायम खाली धरायचं. तळहातावर बेबी शाम्पूचे दोन थेंब, कोमट पाणी, आणि केसांचं फक्त पुढचं अर्धं टोक गोल फिरवायचं. नळीच्या जोडापर्यंत पाणी न्यायचं नाही. खळाळून झालं की टॉवेलात हलकं दाबून बोटांनी मूळ आकार द्यायचा, कारण जसा वाळेल तसाच तो राहतो. मग टेबलाच्या कडेला, केस हवेत बाहेर येतील असा आडवा ठेवायचा. टेबलावरच सपाट ठेवला तर खालची बाजू ओली राहते.

सिंथेटिक केसांचे ब्रश याच पद्धतीने निम्म्या वेळात वाळतात. प्राण्यांच्या केसाला आपल्या केसासारखे खवले असतात, तो पाणी पितो. म्हणून ठरवलं, ओल्या आणि क्रीमच्या कामाला फक्त सिंथेटिक, बकरीचे केस फक्त कोरड्या पावडरला. पावडरचे ब्रश कमी वेळा धुवावे लागतात, तेवढाच त्यांना आराम.

घरच्या वापराला आठवड्यातून एकदा धुणं पुरतं. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सात ते दहा दिवस सांगते. पार्लरमध्ये तो हिशोब चालत नाही. इथे प्रत्येक चेहऱ्यानंतर धुतलेला ब्रश हवा, म्हणून प्रत्येक आकाराचे तीन-तीन घेतले.

१ जुलै

वीज दोनदा गेली आणि फॅनवर ठेवलेले ब्रश अर्धवट राहिले. आईची युक्ती आठवली. पावसाळ्यात ती कपड्यांच्या कपाटात खाली एक बल्ब पेटता ठेवायची, रेशमी साड्यांना बुरशी येऊ नये म्हणून.

जुनं लाकडी जाळीचं कपाट होतं, दूध-लोणी ठेवायचं. तळाशी ४० वॅटचा तारेचा बल्ब लावला, एलईडीचा बल्ब पुरेसा तापत नाही. बल्बवर तारेची टोपली उपडी घातली, म्हणजे काही खाली पडलं तरी काचेला लागणार नाही. वर जाळीच्या फळ्या, त्यांवर स्पंज आणि ब्रश. तासाभराने आतलं तापमान ३७ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के. बाहेर ८८ होती. हवा तीच, पाणी तेवढंच, पण तापलेली हवा जास्त पाणी सामावू शकते, म्हणून ती स्पंजमधलं ओढून घेते. जाळी असल्याने ओलसर हवा वरून निघून जाते. बंद लाकडी पेटी असती तर आत नुसती वाफ कोंडली असती.

टॉवेलने दाबलेला स्पंज पाच तासांत ६.२ ग्रॅमवर आला.

एक धोका लिहून ठेवते. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये आम्ही धुतलेल्या ब्रशवर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतो. तो ब्रश लगेच या कपाटात ठेवायचा नाही, त्याची वाफ पेट घेते. वास पूर्ण गेला की मगच. आणि अल्कोहोल म्हणजे धुणं नव्हे. केसांवर फाउंडेशनचा थर असेल तर ते थराच्या वरच राहतं, खालचे जंतू मजेत जगतात. आधी साबण, मग अल्कोहोल.

६ जुलै

आषाढी एकादशी, पार्लर बंद. आता चेहऱ्याची बाजू. सहायकेने स्वतःचा चेहरा दिला. सकाळी तिला लग्नाचा पूर्ण मेकअप केला, प्राइमर, फाउंडेशन, कन्सीलर, सेटिंग स्प्रे आणि वॉटरप्रूफ मस्कारा. सहा तास ठेवला. संध्याकाळी डावी बाजू वाइप्सने, उजवी तेलाने.

वाइप्स तीन लागले. तिसरा पांढरा निघाला, म्हणजे चेहरा स्वच्छ झाला असं कोणीही म्हणेल. पण डावा गाल लाल झाला होता. तीन वाइप्सचं घासणं होतं ते. आपल्या सावळ्या त्वचेवर असं घासणं वारंवार झालं तर लाली जाते आणि मागे काळसर डाग राहतो.

उजव्या बाजूला तेल. हात कोरडे, चेहरा कोरडा. हे महत्त्वाचं, कारण पाणी आधी लागलं तर तेल मेकअपमध्ये शिरण्याऐवजी पाण्यातच मिसळून जातं. क्लिन्झिंग ऑइलचे दोन पंप घेऊन एक मिनिट बोटं गोल फिरवली, नाकाच्या बाजू, भुवया, केसांची रेषा, जबड्याखाली. मेकअप चिखलासारखा सुटला. मग बोटं ओली करून पुन्हा फिरवली, तेव्हा तेल दुधासारखं पांढरं झालं. ही दुधाची पायरी लोक गाळतात. तेलात घातलेला पदार्थ पाण्याला आणि तेलाला एकत्र बांधतो, म्हणून मेकअप पाण्याबरोबर वाहून जातो. ती गाळून सरळ चेहरा धुतला तर तेलाचा थर मागे राहतो. त्यानंतर वाटाण्याएवढा सौम्य फेसवॉश, अर्धा मिनिट, आणि कोमट पाणी.

आता परीक्षा. दोन कॉटन पॅड मायसेलर पाण्यात भिजवून दोन्ही बाजूंवर फिरवले. उजव्या पॅडवर केसांच्या रेषेपाशी जरासा पिवळट ठिपका. डाव्या पॅडवर जबड्याच्या कडेची एक पूर्ण बदामी रेघ, आणि नाकाच्या बाजूला दोन गडद डाग.

ती रेघ पाहून माशेलच्या मुलीचा चेहरा आठवला. पुटकुळ्या नेमक्या त्याच रेषेवर होत्या. यावरून स्पंज सुटला असं नाही. स्पंजने त्या जागी ओलसर, जुनाट काहीतरी थापलं, आणि वाइप्सने ते रात्रभर तिथेच ठेवलं, असं दोन्ही मिळून झालं असावं, एवढंच मला म्हणता येतं.

९ जुलै

डोळे वेगळे घ्यायचे. वॉटरप्रूफ मस्कारा मेणाचा असतो, तो चेहऱ्याच्या तेलाबरोबर घाईने काढायला गेलं की पापण्या तुटतात. लेन्स असतील तर आधी काढायच्या. दोन थरांचं रिमूव्हर हलवून पॅडवर घ्यायचं आणि मिटलेल्या डोळ्यावर फक्त ठेवायचं. तीस सेकंद मोजायचे. सहायकेला पंधराव्या सेकंदाला पुसायचा मोह झाला, तेव्हा अर्धा मस्कारा तसाच राहिला. तीस मोजले आणि खालच्या दिशेने एकदाच ओढलं, सगळा पॅडवर आला. पापणीच्या मुळाशी राहिलेल्या रेघेला कापूस लावलेली काडी.

१४ जुलै

खोबरेल तेलाबद्दल निम्म्या बायका विचारतात, आणि विचारणं बरोबर आहे, घरोघरी असतं ते. मेकअप विरघळवायला ते उत्तम आहे, मस्कारासुद्धा निघतो. पण त्यात दूध करणारा पदार्थ नसतो. पाणी लावलं की थेंब थेंब होऊन चेहऱ्यावर तसंच राहतं. दोनदा फेसवॉश केल्यावर माझा कोरडा चेहरा ठीक वाटला. सहायकेचं कपाळ तेलकट आहे, चार दिवस वापरून तिला तिथे बारीक पांढरे दाणे आले. थांबवलं. खोबरेल वापरायचं असेल तर कोरड्या त्वचेने, आणि नंतर धुणं पक्कं हवं.

अंगाच्या साबणाने चेहरा धुण्याबद्दलही तिने विचारलं. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्ल, म्हणून धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. आम्ही आता खूण ठरवली आहे. धुऊन दहा मिनिटांनी हसून पाहायचं. गाल ताणले तर धुणं जास्त झालं. तळहात गालावर चिकटला तर तेल राहिलं. दोन्ही नसेल तर लगेच मॉइश्चरायझर.

२२ जुलै

नियम बदलले. प्रत्येक नवरीला नवा स्पंज, तो काम झाल्यावर तिलाच द्यायचा आणि बिलात लिहायचा. क्रीम आणि लिपस्टिक डबीतून थेट ब्रशने घ्यायची नाही, चमच्याने पॅलेटवर काढायची, नाहीतर धुतलेला ब्रशही पहिल्याच गिऱ्हाइकाला पुन्हा जुनंच लावतो.

आणि नवरीच्या पिशवीत ३० मिलिची क्लिन्झिंग ऑइलची बाटली, पॅड आणि हे कार्ड. सहायकेच्या अक्षरात:

"कितीही दमलीस तरी झोपायच्या आधी पाच मिनिटं. कोरड्या चेहऱ्यावर तेल, एक मिनिट. ओल्या बोटांनी दूध होईपर्यंत. पाणी. थोडा फेसवॉश. जबड्याखाली आणि कानापुढे विसरू नकोस. टॉवेल धुतलेला घे, घासू नकोस, टिपून घे."

पहिल्या मसुद्यात बारा ओळी होत्या. रात्री दोन वाजता बारा ओळी कोण वाचणार.

३ ऑगस्ट

श्रावणातला आयतार. माशेलची मुलगी आयतार पूजनासाठी हलका मेकअप करून घ्यायला आली. पुटकुळ्या गेल्या आहेत, जबड्यावर दोन फिकट डाग उरलेत, डॉक्टरांनी मेकअपला हरकत नाही म्हटलंय. तिने स्वतःहून पुन्हा माझ्याकडे यायचं ठरवलं, याचा मला फार आनंद झाला.

मावशी समोर बसून पाहत होती. तिच्यासमोर नव्या स्पंजचं पाकीट फोडलं. पातळ फाउंडेशन, फक्त हवं तिथे. डागांवर कन्सीलर, तोही थापून.

दुपारी पूजा आटोपून ती परत आली, मेकअप इथेच उतरवायचा म्हणाली. तेल तिनेच लावलं, दूध होईपर्यंत थांबली. धुऊन झाल्यावर मावशीने मायसेलरचा पॅड स्वतःच्या हाताने तिच्या जबड्यावरून फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. पांढरा.

६ ऑगस्ट

सकाळी तिचा फोन आला. तीन दिवस झाले, काही उठलेलं नाही. तिचा स्पंज तिने घरी धुतला आहे आणि विचारत होती, वजनाचा काटा नाही तर कसं कळणार वाळलाय ते. सांगितलं, कागदी रुमालात धरून दोन बोटांनी जोरात दाब. कागदावर ओलसर गोल उमटला तर अजून नाही.